गोळ्यांच्या वेळा आणि पोटरीतला गोळा

डॉक्टर ताई, नमस्कार. मला सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. पतसंस्थेत काउंटरवर बसते, दहा ते सहा. यांचं दुकान साडेनऊला बंद होतं, मग आम्ही सगळे दहाला जेवतो आणि लगेच पडतो. पडलं की छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी. रोज फ्रूट सॉल्टची पुडी घेते तेव्हा कुठे डोळा लागतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी झोपताना दुधाबरोबर घ्यायचे, पण तीन-तीन दिवस शौचाला होईना म्हणून लोहाची गोळी तीन आठवड्यांपासून बंद केलीय. सासूबाई म्हणतात एरंडेल घे. पहाटे पोटरीत असा गोळा येतो की ओरडून उठते. संध्याकाळी कंबर धरते. यांनी मेडिकलमधून दुखायची गोळी आणली होती, दोनदा घेतली. डॉक्टरांना विचारलं की 'या दिवसांत असं होतंच' म्हणतात. होतंच म्हणून काहीच करायचं नाही का?
– एक वाचक, बार्शी

अगं, आधी एरंडेलाची बाटली कपाटात परत ठेव. एरंडेल आतड्याला ढवळतं तसं गर्भाशयालाही कळा आणू शकतं. दिवस भरल्यावर कळा सुरू व्हाव्यात म्हणून ते पूर्वी द्यायचे, ते याचसाठी. तुला सातव्या महिन्यात कळा नकोत. सासूबाईंना हेच कारण सांग, त्यांना पटेल. 'ताई नको म्हणाल्या' एवढ्याने पटणार नाही. पोट साफ करणारी चूर्णंही मनाने घेऊ नकोस. बऱ्याच डब्यांवर सोनामुखी लिहिलेली असते, तिनेही पोटात मुरडा येतो. कोरफडीचा रसही नको.

दुसरं, दुखायच्या गोळीची पट्टी उलटी करून मागचं नाव वाच. त्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक असलं तर ती तुझ्यासाठी नाही. कित्येक गोळ्यांत यातलं एखादं औषध पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं आणि दुकानात 'साधीच गोळी आहे' म्हणून मिळतं. पाच महिन्यांनंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतरच बंद व्हायची असते, ती आधीच आकसू शकते. दोनदा घेतलीस म्हणून रडत बसू नकोस. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांग आणि पट्टी दाखव. (डॉक्टरांनी रक्तदाबासाठी कमी मात्रेची अॅस्पिरिन लिहून दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती या यादीत धरून बंद करू नकोस.) अगदीच असह्य झालं तर नुसतं पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, एक गोळी, आणि पुन्हा लागलीच तर किमान सहा तासांनी. ती रोजची सवय व्हायला लागली तर मात्र थांबून विचार.

आता तुझ्या चार तक्रारींकडे येते. त्या वेगवेगळ्या वाटतात, पण निदान पहिल्या दोन एकाच कारखान्यातून येतात. गर्भ टिकून राहावा म्हणून शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक भरपूर तयार होतं. त्याचं काम गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवण्याचं. पण ते सगळीकडेच सैल करत सुटतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये जी झडप असते ती ढिली पडते, म्हणून आंबट पाणी वर येतं. आतडी संथ चालतात, अन्न आत रेंगाळतं, त्यातलं पाणी जास्त शोषलं जातं आणि शौचाला कडक होतं. त्यात वाढलेलं गर्भाशय जठराला खालून रेटतं. इथपर्यंतचं 'होतंच' हे डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. पण तुझ्या पत्रात त्याच्यावर आणखी दोन गोष्टी चढल्यात, रात्रीचं दहाचं जेवण आणि चुकीच्या वेळेच्या गोळ्या. त्या दोन्ही बदलता येतात.

जेवणापासून सुरू करू. भरल्या पोटाने आडवं झालं की ढिली झडप उघडी पडते. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास हवेत. तू साडेसातला जेव, मालकांची वाट बघू नकोस. ते आले की त्यांच्या ताटाशेजारी बसून अर्धी वाटी ताक घे, एकत्र जेवल्याचं समाधान मिळेल आणि सासूबाईही काही म्हणणार नाहीत. हे मी गंमतीने लिहीत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांची जळजळ घरातल्या उशिरा येणाऱ्या माणसाच्या ताटाशी बांधलेली असते, आणि औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहायची सोय नाही. रात्रीचं जेवण हलकं असू दे, भाकरी, पालेभाजी, वरण. खर्डा, भजी, तर्री असलेला रस्सा दुपारी चालला तर बघ, रात्री नको. दिवसभरात एकदम पोटभर खाण्याऐवजी थोडं थोडं पाच वेळा खा. पोटासाठी चांगला म्हणून पुदिना खात असशील तर तो त्या झडपेला आणखी सैल करतो, हे लक्षात ठेव. चहा दोन कपांवर आण.

झोपताना डाव्या कुशीवर. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल झडपेच्या खाली राहतं आणि उजव्या कुशीवर ते झडपेशी येऊन थांबतं. सातव्या महिन्यानंतर उताणं झोपणं तसंही टाळायचं असतं, त्यामुळे एका सवयीत दोन्ही कामं होतात. डोक्याखाली उशांचा ढीग रचू नकोस, त्याने मान वर जाते आणि पोट दुमडतं, जळजळ वाढते. कॉटच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली एकावर एक दोन विटा ठेव, म्हणजे पलंग पाच-सहा इंच उचलला जाईल आणि तू पायांपासून डोक्यापर्यंत तिरकी झोपशील. पेटीचा पलंग असेल तर गादीखाली घड्या घातलेल्या गोधड्या, कमरेपासून उशीपर्यंत चढत्या.

ती पुडी मात्र बंद कर. फ्रूट सॉल्ट म्हणजे मुख्यतः खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व. एका पुडीत पाव चमचा मिठाएवढं सोडियम पोटात जातं, रोज रात्री. पायावर सूज आणि रक्तदाबाची काळजी असलेल्या दिवसांत ते परवडणारं नाही. त्यातून पोटात वायू होतो, जठर ताणतं आणि तासाभराने जळजळ परत येते, मग दुसरी पुडी. त्याऐवजी डॉक्टरांकडून अल्जिनेट असलेलं पातळ औषध लिहून घे. ते जठरातल्या अन्नावर फेसाचा थर धरतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. जेवणानंतर आणि झोपताना दोन-दोन चमचे, बाटलीवरची मात्रा बघून. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असलेली चघळायची गोळीही चालते, पण तू कॅल्शियम आधीच घेतेस, म्हणून मोजून. पंधरा दिवसांत एवढ्यानेही भागलं नाही तर आम्ल कमी करणाऱ्या, गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. मनाने पट्टी आणायची नाही.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण तिचा विसर पडला तर बाकीचं सगळं व्यर्थ. मागे एकदा आठव्या महिन्यातली एक बाई माझ्याकडे 'दोन दिवस अॅसिडिटी आहे' म्हणून आली. सोडा पिऊन झाला होता, उलटी झाली होती. हात ठेवला तर दुखत होतं छातीच्या मध्यावर नाही, उजव्या बरगडीखाली. डोकं ठणकत होतं. रक्तदाब बघितला तर १६०/११०. ती अॅसिडिटी नव्हती, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यकृतापर्यंत पोचला होता. जळजळ खालून वर चढते, आंबट चव आणते, आडवं झाल्यावर वाढते आणि अल्जिनेटने शमते. जे दुखणं बरगडीखाली ठाण मांडून बसतं, औषधाला दाद देत नाही, आणि सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा चेहऱ्या-हातांवर अचानक सूज असते, ते वेगळं. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि लघवी तपासायची. वाहन नसेल तर १०८ किंवा गरोदर बायकांसाठीची १०२.

आता गोळ्या. लोहाची गोळी बंद केलीस ते समजू शकते, पण ती बंद करून प्रश्न सुटला नाही. उलट इतके दिवस ती तुझ्या अंगीही फारशी लागत नव्हती. लोह आणि कॅल्शियम एकाच दारातून आत शिरायला धडपडतात, एकत्र घेतले की लोह मागे राहतं. दूधही कॅल्शियमच. वर ती आम्लनाशक पुडी, म्हणजे लोह विरघळायला लागणारं आम्लही गेलं. जे शोषलं गेलं नाही ते आतड्यात पडून राहिलं आणि त्यानेच त्रास वाढवला. रक्त वाढलं नाही आणि पोट मात्र अडलं.

तुझ्या दिवसात या गोळ्या अशा बसतात. आठला नाश्ता, त्याच्याबरोबर पहिली कॅल्शियमची गोळी. अकराच्या सुमारास, काउंटरवरची गर्दी ओसरली की, लोहाची गोळी साध्या पाण्याबरोबर. नाश्त्याला तीन तास होऊन गेलेले आणि जेवायला अडीच तास बाकी, म्हणून शोषणही चांगलं होतं आणि मळमळही कमी. डब्यात आवळा किंवा पेरूची फोड असली तर तिच्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह आणखी आत जातं. पतसंस्थेतला अकराचा चहा मात्र तुझ्यासाठी नाही, तो लोहाला अडवतो. तो चारला घे. दीडला जेवण. साडेसातच्या जेवणाबरोबर दुसरी कॅल्शियमची गोळी, दिवसाला दोन सांगितल्या असतील तर. झोपताना फक्त अल्जिनेट, त्याची आणि लोहाची गाठ पडतच नाही. रात्री दूध प्यायचंच असेल तर आता त्याने काही बिघडत नाही, फक्त आडवं व्हायच्या आधी तासभर.

शौचासाठी मी सगळ्यात आधी पाणी विचारते. काउंटरवर बसणाऱ्या बायका वारंवार उठावं लागतं म्हणून पाणी पीत नाहीत, आणि तूही त्यातली असशील असा माझा अंदाज आहे. एक लिटरची बाटली टेबलावर ठेव, दुपारी एकपर्यंत संपव, पुन्हा भरून सहापर्यंत संपव. घरी दोन-तीन ग्लास होतातच. चोथा म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाज्या, सालासकट पेरू, रात्री भिजवलेल्या मनुका आणि दोन अंजीर. पिकलेली पपई खायला माझी हरकत नाही, कच्ची मात्र नको. तरी घरात पपईवरून वाद होणार असेल तर सोडून दे, पेरू आहे की. खारी, टोस्ट, बिस्किटं हे मैद्याचं खाणं आठ दिवस बंद करून बघ, कधी कधी एवढ्यानेच सुटतं.

चार दिवसांत फरक पडला नाही तर इसबगोल. एक चमचा भुसा पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि त्यावर आणखी एक ग्लास पाणी. हे दुसरं पाणी लोक विसरतात. इसबगोल पाणी ओढून फुगतो, पाणीच नसेल तर आत लगदा होऊन आणखी अडतो. तो गोळ्यांपासून दोन तास लांब ठेव, संध्याकाळी पाचला पतसंस्थेतच घेतलास तर बसतो. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. त्यानेही झालं नाही तर लॅक्टुलोजचं सिरप, रात्री तीन चमचे म्हणजे १५ मिलिलिटर. ते आतड्यात पाणी खेचतं, रक्तात जवळजवळ उतरत नाही, म्हणून गरोदरपणात चालतं. पहिले दोन दिवस गॅस होतात. शौचाला कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घे, गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो. भारतीय पद्धतीचं असेल तर ही सोय आधीच आहे, धरायला बाजूला काहीतरी असलं म्हणजे झालं. कुंथू नकोस.

लोहाने शौच काळी होते, त्याला घाबरायचं नाही. लाल रक्त दिसलं तर ते बहुधा चिरेचं किंवा मूळव्याधीचं असतं, पण एकदा दाखवून घे. पोट फुगून वारा सरणंही बंद झालं आणि उलट्या सुरू झाल्या तर लगेच दाखव.

पोटरीतल्या गोळ्याचं नेमकं कारण अजून कोणाला पक्कं सांगता आलेलं नाही. कॅल्शियम कमी पडतं, मॅग्नेशियम कमी पडतं, असं म्हणतात, पण मॅग्नेशियमच्या गोळ्यांच्या अभ्यासांत निकाल उलटसुलट आलेत. डॉक्टरांनी दिल्या तर घे, न दिल्या तर काही हुकलं असं नाही. हमखास उपयोगी पडतं ते ताणणं. गोळा आला की बोटं पुढे ताठ करायची इच्छा होते, ती उलटी चाल आहे, त्याने तो घट्ट होतो. गुडघा सरळ ठेवायचा आणि पावलाची बोटं स्वतःकडे, नडगीच्या दिशेला ओढायची. पोटामुळे हात पोचत नसेल तर मालकांना शिकव. एका हाताने टाच धरायची, दुसऱ्या हाताने चवडा हळूहळू तुझ्या गुडघ्याकडे दाबायचा, झटका द्यायचा नाही, अर्धा मिनिट धरून ठेवायचं. सुटला की मग चोळायचं. उठून टाच जमिनीवर टेकवून उभं राहिलं तरी चालतं.

येऊ नये म्हणून झोपण्याआधी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभी राहा, तळवे भिंतीवर, एक पाय मागे, त्याची टाच जमिनीला चिकटलेली, मागचा गुडघा सरळ. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुक. मागच्या पोटरीला ओढ बसते. तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. झोपेत पायावरची गोधडी घट्ट खोचू नकोस, तिच्या वजनाने पावलं पुढे वाकतात आणि तिथूनच गोळा सुरू होतो.

गोळा मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो, मागे थोडी ठणक राहते. एकाच पायाची पोटरी, बहुतेकदा डावी, दुसरीपेक्षा जाड दिसते, गरम लागते, लालसर होते आणि दिवसभर दुखते, तर तो गोळा नाही. ती शिरेत झालेली रक्ताची गाठ असू शकते. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं म्हणून ती होते. तिला चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात. सोबत धाप लागली तर धावतच. दोन्ही पोटऱ्यांना दोरी लावून घेर मोजता येतो, पण शंका आली की दोरी शोधत बसू नकोस.

कमरेचं दुखणं तुझ्या काउंटरच्या उंच खुर्चीवर सुरू होतं असं मला वाटतं. पोट पुढे येतं तशी कंबर मागे वाकते, रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल करतं, आणि अशा कमरेवर तू आठ तास पाय लोंबकळत ठेवून बसतेस. पायाखाली जुन्या खातेवह्यांचा गठ्ठा घे, गुडघे कमरेच्या पातळीला यायला हवेत. टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या खोलगटात ठेव. पाऊण तासाने एकदा उठ, पाणी भरायच्या निमित्ताने का होईना. घरी आल्यावर हात आणि गुडघे टेकून मांजरासारखी हो. श्वास सोडत पाठ वर घुमटासारखी कर, पाच मोज, पुन्हा सरळ आण. सरळच, खाली झोकून द्यायची नाही. दहा वेळा. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी, घोट्यांपर्यंत पोचणारी. शेक द्यायचा तर कोमट, कापडातून, पंधरा मिनिटं आणि फक्त कमरेला, पोटाला नाही. बादली अर्धीच भर आणि कमरेतून वाकून नाही, गुडघ्यात बसून उचल.

दुखणं कमरेच्या मधोमध नसून एका बाजूला, नितंबावरच्या खळीपाशी असेल आणि कूस बदलताना किंवा जिना चढताना कळ येत असेल, तर तो सैल झालेल्या सांध्याचा त्रास. मग कूस बदलताना दोन्ही गुडघे चिकटलेले ठेव, सलवार बसून घाल, आणि डॉक्टरांना पट्ट्याबद्दल आणि फिजिओथेरपीबद्दल विचार. कंबरदुखी लाटेसारखी यायला-जायला लागली, दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि त्याच वेळी पोट दगडासारखं घट्ट होत असेल तर त्या वेळेआधीच्या कळा असू शकतात. शेक देत बसू नकोस, निघ. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तरी तेच. थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली पाठीत दुखणं, लघवीला जळजळ, हे मूत्रपिंडाच्या संसर्गाचं. त्यातही त्याच दिवशी जायचं.

पुढची तपासणी महिनाभराने असेल तरी या आठवड्यातच जाऊन ये. लोहाची गोळी उद्यापासून अकराला सुरू कर, पण तीन आठवड्यांच्या खंडाचं लपवू नकोस. हिमोग्लोबिन करून घे आणि ११ च्या खाली आलं तर मात्रा किती, हे विचार. तीच गोळी पुन्हा सोसेना तर दुसऱ्या प्रकारचं लोह मिळतं, आणि रक्त फारच कमी असेल तर शिरेतूनही देतात. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, ती दुखायची आणि उरलेल्या पुड्यांसकट, एका पिशवीत घालून टेबलावर ओत. 'होतंच' म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही मग एकेक उचलून बघावंच लागेल.